अर्धाच करारनामा हातात असताना कर्जातले छुपे आकार कसे शोधायचे

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला मी बावीस वर्षं एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिला. त्यामुळे गल्लीत कुणी कर्ज काढलं की कागद माझ्याकडे येतात. येतात म्हणजे मोबाइलवर फोटो येतात, आणि ते कधीच पूर्ण नसतात. तेवीस पानांच्या करारातली सात पानं, त्यातलं एक तिरकं, एक अंगठ्याच्या सावलीत गेलेलं. खाली एकच ओळ असते: "मामा, यात काही लपवलेलं आहे का बघा."

तीन वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्याने अशीच सहा पानं पाठवली होती. मी ती नीट वाचली, त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि "ठीक आहे, कर सही" असं सांगून टाकलं. वर्षभराने त्याने कर्ज एकरकमी फेडायचं ठरवलं तेव्हा 1,40,000 मुद्दल शिल्लक होती. त्यावर 5 टक्के मुदतपूर्व फेड आकार, म्हणजे 7,000, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, 1,260. एकूण 8,260 रुपये जास्तीचे गेले. ते कलम करारात होतं, पण मला आलेल्या सहा पानांत नव्हतं. मी वाचलेलं सगळं बरोबर होतं आणि दिलेलं उत्तर चुकीचं होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो. अर्ध्या करारावरून "हा आकार आहे" असं म्हणता येतं, "कुठलाच आकार नाही" असं कधीही म्हणता येत नाही. पण अर्धा करार हातात आहे म्हणून गप्पही बसायचं कारण नाही. आलेली पानंच न आलेल्या पानांबद्दल बरंच काही सांगतात, आणि उरलेलं पासबुक सांगतं. ते कसं बघायचं हे खाली क्रमाने लिहितो. सोबत अलीकडचं एक प्रकरण घेतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

प्रकरण असं. शाळेचे गणवेश शिवणारा आमच्या भागातला एक तरुण. दोन शिलाई मशिनांसाठी त्याने एका एनबीएफसीकडून, म्हणजे बँक नसलेल्या वित्तसंस्थेकडून, 2,00,000 रुपये घेतले. व्याज 18 टक्के, घटत्या शिलकीवर, मुदत 24 महिने, हप्ता 9,985. त्याने मला कलम 1 ते 4, कलम 9 ते 12 आणि सहीचं पान पाठवलं होतं.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- करारनाम्याची जी असतील ती पानं
- मंजुरीपत्र
- केएफएस, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट. कर्जाचे सगळे दर आणि आकार एका ठिकाणी लिहिलेला दोन-चार पानांचा कागद
- हप्त्यांचा तक्ता
- कर्जाची रक्कम जमा झाली त्या महिन्याचं पासबुक किंवा खातेउतारा
- कोरा कागद आणि पेन्सिल

यातलं सगळं नसलं तरी चालेल, पासबुक मात्र हवंच.

1. आधी पानं मोजा, मग वाचा

बहुतेक जण पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात. तसं करू नका. आधी प्रत्येक पानाच्या तळाशी किंवा कोपऱ्यात पान क्रमांक शोधा. मोबाइलवर सही केलेल्या करारात तो "23 पैकी 4" अशा प्रकारे असतो. कागदावर एक ते तेवीस आकडे लिहा आणि आलेल्या पानांवर गोल करा. मग तसंच कलमांचं करा.

या तरुणाच्या बाबतीत कलम 5, 6, 7, 8 नव्हती, आणि सहीच्या पानानंतरची परिशिष्टंही नव्हती. त्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, सहीनंतर काय असणार? संपलं की." लोक इथेच फसतात. छापील करार सगळ्या ग्राहकांना तोच असतो. तुमच्या कर्जाचे खरे आकडे मागच्या परिशिष्टात किंवा आकार-तक्त्यात भरलेले असतात. म्हणून पुष्कळ वेळा सहीचं पान मधे येतं आणि पैशाचं पान त्याच्या मागे असतं.

दुसरी गोष्ट, फोटोत पानाचा तळ कापला गेला आहे का बघा. बारीक अक्षरातली तारांकित टीप तिथेच असते. तळ दिसत नसेल तर ते पान आलेलं नाही असंच धरा.

2. आलेल्या पानांतून न आलेल्या पानांची यादी काढा

आता वाचायला घ्या, पण अर्थ लावायला नव्हे. फक्त दुसरीकडे बोट दाखवणारी वाक्यं शोधायची. करार इंग्रजीत असेल तर "अ‍ॅज पर शेड्यूल", "सब्जेक्ट टू क्लॉज अमुक", "अ‍ॅज नोटिफाइड फ्रॉम टाइम टू टाइम" हे शब्द दिसले की खाली रेघ मारा. मराठीत ते "परिशिष्टात नमूद केल्याप्रमाणे", "कलम अमुकच्या अधीन राहून", "संस्था वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे" असे असतात.

आमच्या प्रकरणात अशा चार जागा सापडल्या. कलम 4.2 म्हणत होतं की प्रक्रिया शुल्क आणि इतर आकार परिशिष्ट दोनप्रमाणे वसूल होतील. 9.1 मध्ये कर्ज लवकर फेडायची मुभा दिली होती, पण ती "कलम 7 च्या अधीन". 10.3 मध्ये हप्ता चुकल्यास कारवाईचं वर्णन होतं आणि "कलम 6 मधील दंड आकाराव्यतिरिक्त" असे शब्द होते. 12.2 प्रमाणे आकारांत बदल झाल्यास तो संकेतस्थळावर जाहीर केला म्हणजे ग्राहकाला कळवल्यासारखंच होतं.

एवढ्यावरून न बघितलेल्या पानांचा नकाशा तयार झाला. सहाव्या कलमात उशिराचा दंड आहे, सातव्यात लवकर फेडीचा आकार आहे, परिशिष्ट दोनमध्ये आकड्यांचा तक्ता आहे. "इतर आकार" हे दोन शब्दही मी वेगळे लिहून ठेवले, कारण त्यांत काहीही मावतं.

पाचव्या आणि आठव्या कलमाकडे मात्र कुठल्याच वाक्याने बोट दाखवलं नव्हतं. अशा वेळी मनाला वाटतं, तिथे नुसतं कायदेशीर गुऱ्हाळ असेल. तसं धरू नका. ज्याचा उल्लेखच नाही त्याच्यासमोर "माहीत नाही" असं स्पष्ट लिहा. या प्रकरणात नेमकं आठवं कलमच महत्त्वाचं निघालं, ते पुढे सांगतो.

3. पासबुकाला विचारा

करार अर्धा असू शकतो, जमा झालेली रक्कम अर्धी नसते. मंजूर रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम यांची वजाबाकी करा. जो फरक येईल तो सगळा आकारच आहे, मग त्याचं नाव करारात कुठेही आणि काहीही असो.

मंजूर 2,00,000. जमा 1,88,180. फरक 11,820.

आता हा फरक माहीत असलेल्या गोष्टींत वाटून बघायचा. मंजुरीपत्रात प्रक्रिया शुल्क 2 टक्के होतं, म्हणजे 4,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 720. हे झाले 4,720. मंजुरीपत्रात कर्जाशी जोडलेल्या विम्याचा हप्ता 5,600 लिहिला होता. दोन्ही मिळून 10,320. उरले 1,500, आणि त्यांचा हिशेब हातातल्या एकाही कागदात नव्हता. ही उरलेली रक्कम मोठी नाही म्हणून सोडून देऊ नका. आपल्याला न सांगता काहीतरी कापलं गेलं, याचा तो पहिला ठोस पुरावा असतो.

विम्याचं विचारलं तर तरुण म्हणाला, "विमा कसला? मी कुठे मागितला?" त्याने तो मोबाइलवर आलेल्या पानावर संमतीची खूण करून घेतला होता, नकळत. मंजुरीपत्र इथे खरं कामाला आलं. ते एका पानाचं असतं म्हणून लोक फेकून देतात, कृपा करून जपून ठेवा.

आता हाती आलेल्या रकमेवर खरा दर किती पडतो ते काढा. व्याजदर 18 टक्के लिहिला असला तरी तो 2,00,000 वर लावलेला आहे, आणि तुम्हाला वापरायला मिळाले 1,88,180. मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे एकच सूत्र लिहा:

```
=RATE(24,-9985,188180)*12
```

24 म्हणजे हप्त्यांची संख्या, 9985 हप्ता (आधी उणे चिन्ह हवंच), आणि शेवटची हातात आलेली रक्कम. उत्तर 0.244 च्या आसपास येतं, म्हणजे वर्षाला 24.4 टक्के. कापलेल्या 11,820 रुपयांनी 18 चे 24.4 केले. मुदत जितकी कमी तितका हा फरक मोठा दिसतो, कारण तीच कपात थोड्या महिन्यांवर वाटली जाते.

शेवटच्या रकमेच्या जागी 200000 घालून एकदा बघा. उत्तर 18 टक्क्यांच्या जवळ यायला हवं. ते 18 च्या बरंच वर आलं, तर सांगितलेला दर फ्लॅट आहे, म्हणजे फिटत गेलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लावलेलं आहे. इथे ते 18 च आलं, तेवढी एक शंका मिटली.

तारखाही ताडून बघा. करार एका तारखेचा आणि पैसे नंतर जमा, असं नेहमी होतं. रिझर्व्ह बँकेने 29 एप्रिल 2024 च्या परिपत्रकात बजावलं आहे की व्याज पैसे प्रत्यक्ष दिल्यापासून लावायचं, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून नाही. दोन लाखांवर 18 टक्क्यांनी नऊ दिवसांचं व्याज 888 रुपये होतं. हे कुठल्याच कलमात सापडणार नाही, फक्त पासबुक आणि हप्त्यांचा तक्ता शेजारी ठेवल्यावर दिसतं. या तरुणाच्या तारखा बरोबर होत्या.

4. केएफएस शोधा, कारण हरवलेल्या कलमांतले आकडे त्यात असतात

हा कागद मला मेहुण्याच्या वेळी हवा होता. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर झालेल्या वैयक्तिक आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना बँका आणि एनबीएफसी यांनी केएफएस देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा आणि त्यातला मजकूर त्याला समजावून सांगायला हवा. मुदत सात दिवस किंवा जास्त असलेल्या कर्जाला विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात, तोवर संस्थेला त्या अटी बदलता येत नाहीत.

त्यात तीन जागा बघायच्या.

पहिली, आकारांचा तक्ता. संस्थेचे स्वतःचे आणि विमा कंपनीसारख्या तिसऱ्या पक्षाचे आकार त्यात वेगवेगळ्या रकान्यांत असतात.

दुसरी, एपीआर. व्याज आणि हे सगळे आकार धरून पडणारा वार्षिक खर्चाचा दर. आपण सूत्राने काढलेल्या दराशी तो जुळायला हवा. तरुणाच्या केएफएसवर 23.5 टक्के होते, माझ्या गणितात 24.4. मी सूत्रात 188180 ऐवजी 189680 घातले, म्हणजे ते बेवारस 1,500 कापलेच नाहीत असं धरलं. उत्तर बरोबर 23.5 आलं. याचा अर्थ संस्थेने एपीआर काढताना प्रक्रिया शुल्क आणि विमा धरला होता, पण 1,500 धरलेच नव्हते. आकारांच्या तक्त्यातही ते नव्हते. सात पानांच्या फोटोंवरून हे कधीच कळलं नसतं.

तिसरी जागा लोक वाचतच नाहीत. प्रसंग आला तरच लागणाऱ्या आकारांची, म्हणजे उशिराचा दंड, मुदतपूर्व फेड, आणि तत्सम. हे एपीआरमध्ये धरलेले नसतात, म्हणून एपीआर जुळला की सगळं जुळलं असं समजू नका. हरवलेल्या सहाव्या आणि सातव्या कलमातले आकडे मला इथे मिळाले: चुकलेल्या हप्त्यावर महिना 3 टक्के दंड, हप्ता परत गेल्यास प्रत्येक वेळी 500 अधिक जीएसटी, आणि मुदतपूर्व फेडीवर शिल्लक मुद्दलाच्या 4 टक्के अधिक जीएसटी.

या परिपत्रकातला सगळ्यात उपयोगी नियम: केएफएसमध्ये न दाखवलेला आकार कर्जदाराची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय मुदतीत कधीही लावता येत नाही. म्हणून करार अर्धा असला तरी केएफएस पूर्ण मिळवाच. करारात आहे पण केएफएसमध्ये नाही, अशी प्रत्येक रक्कम प्रश्न विचारण्यासारखी आहे.

केएफएस सापडत नसेल तर सहीच्या वेळी आलेला संदेश किंवा ईमेल शोधा. बहुतेकदा करार आणि केएफएस एकाच जोडलेल्या फाइलमध्ये असतात आणि केएफएस सुरुवातीलाच असतो. तरुण "मला दिलंच नाही" म्हणत होता, आणि ते त्याच्या फोनमध्ये पहिल्या तीन पानांत होतं. फोटो काढताना त्याने "ही नुसती माहिती आहे" म्हणून ती पानं सोडली होती.

5. उरलेली पानं लेखी मागा

फोनवर किंवा शाखेत तोंडी मागू नका. "साहेब आले की देतो" म्हणतात आणि तिथेच राहतं. कराराची आणि त्यात उल्लेखलेल्या सगळ्या जोडपत्रांची प्रत कर्जदाराला देणं हे रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेतच आहे, तेव्हा तुम्ही मेहेरबानी मागत नाही. ईमेलने पाठवा, किंवा अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. आम्ही लिहिलं ते असं:

"माझे कर्ज खाते क्रमांक अमुक. मला करारनाम्याची कलमे 5 ते 8 व परिशिष्टे मिळालेली नाहीत. कृपया सर्व जोडपत्रांसह पूर्ण प्रत द्यावी. तसेच मंजूर रक्कम 2,00,000 व जमा रक्कम 1,88,180 यांतील 11,820 रुपयांच्या फरकाचा बाबनिहाय तपशील व तिसऱ्या पक्षाला दिलेल्या रकमांच्या पावत्या द्याव्यात."

पानं नेमकी कुठली नाहीत ते लिहिलं की "सगळं तुम्हाला दिलेलं आहे" हे उत्तर देता येत नाही. "छुपे आकार लावले" असा आरोप इथे करू नका. अजून आपण अर्धाच करार बघितलेला आहे, आणि आरोप केला की पुढचा माणूस कागद देण्याऐवजी भांडायला बसतो.

सही अजून झालेली नसेल तर इथेच थांबा. पानं येईपर्यंत सही नको. "आज सही नाही केली तर दर वाढेल" असं कुणी म्हणालं तर वरचे तीन दिवस आठवा.

6. पानं आली की या क्रमाने वाचा

आमची पानं सहा दिवसांनी आली. तेवीस पानं पुन्हा पहिल्यापासून वाचत बसण्यापेक्षा आधी आपल्या यादीतल्या रिकाम्या जागा भरायच्या.

दंडाच्या कलमात दोन गोष्टी बघा. 1 एप्रिल 2024 पासूनच्या नव्या कर्जांत हप्ता चुकल्याबद्दल जादा व्याजदर लावता येत नाही, फक्त दंड आकार लावता येतो, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. "थकीत रकमेसह दंडावर चक्रवाढ" असं काही लिहिलं असेल तर ते चालणार नाही. दंड आकारावर जीएसटीही लागत नाही. हप्ता परत गेल्याचा आकार मात्र वेगळा असतो. इथे एक सापळा आहे. ऑटो-डेबिटचा हप्ता परत गेला की काही संस्था त्याच महिन्यात दोन-तीनदा तो पुन्हा पाठवतात, आणि दर वेळी त्यांचा आकार लागतो, शिवाय तुमची स्वतःची बँकही वेगळे पैसे कापते. 9,985 च्या एका हप्त्यापायी दीड-दोन हजार गेलेले मी पासबुकात बघितले आहेत. त्या कलमात "प्रत्येक वेळी" हे शब्द आहेत का, ते बघा.

मुदतपूर्व फेडीच्या कलमात टक्केवारी कशावर, ते महत्त्वाचं. शिल्लक मुद्दलावर आहे की मूळ कर्जावर? शेवटच्या वर्षात या दोहोंत फार अंतर पडतं. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या, बदलत्या व्याजदराच्या आणि व्यवसायासाठी नसलेल्या वैयक्तिक कर्जांवर हा आकार घेता येत नाही. व्यवसायाच्या बदलत्या दराच्या कर्जांनाही बरीच सूट आहे, पण ती संस्थेच्या प्रकाराप्रमाणे आणि रकमेप्रमाणे बदलते. या तरुणाचं कर्ज स्थिर दराचं होतं, त्यामुळे 4 टक्के आकार नियमात बसत होता. त्याला मी तेवढंच सांगितलं की दिवाळीनंतर गणवेशाचे पैसे आले म्हणून लगेच कर्ज फेडू नकोस, आधी वाचणारं व्याज आणि लागणारा आकार शेजारी शेजारी मांड.

मग ती कलमं, ज्यांच्यासमोर आपण "माहीत नाही" लिहिलं होतं. पाचव्यात तारणाचं वर्णन होतं, पैशाचं काही नव्हतं. आठव्याचं शीर्षक होतं "खात्याची व्यवस्था", आणि त्याच्या चौथ्या उपकलमात दरवर्षी 750 रुपये अधिक जीएसटी खाते-देखभाल आकार होता. म्हणजे वर्षाला 885, दोन वर्षांत 1,770. केएफएसमध्ये हा आकार नव्हता, परिशिष्ट दोनमध्येही नव्हता. पहिल्या दिवशी मी "पाठवलेल्या पानांत काही नाही" एवढंच सांगून मोकळा झालो असतो, तर दर वर्षी गेलेले 885 त्याने महागाईच्या नावावर टाकले असते.

आणि 1,500? ते परिशिष्ट दोनमध्ये "कागदपत्र आकार" म्हणून होते. करारात होते, केएफएसमध्ये नव्हते.

7. उत्तर देताना तीन रकाने करा

तुम्ही स्वतःसाठी बघत असा किंवा माझ्यासारखे दुसऱ्यासाठी, निष्कर्ष कागदावर तीन रकान्यांत लिहा. पहिल्यात आकार, रक्कम आणि तो कुठल्या कलमात दिसला. दुसऱ्यात ज्याचा उल्लेख आहे पण पान नाही. तिसऱ्यात ज्याबद्दल काहीच कळत नाही. पहिल्या दिवशी माझ्या तिसऱ्या रकान्यात होतं: कलम 5, कलम 8, 1,500 रुपये. ती ओळ मी तरुणाला मोठ्याने वाचून दाखवली, कारण समोरचा माणूस पहिला रकाना ऐकून उठतो आणि बाकीचं विसरतो.

8. संस्था ऐकत नसेल तर

आधी संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. त्याचा फोन आणि ईमेल केएफएसच्या दुसऱ्या भागात असतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. तक्रारीत नुसतं "फसवलं" लिहू नका. कलम क्रमांक, केएफएसचं पान आणि पासबुकातली ओळ, या तिन्हींची प्रत जोडा.

कर्ज पतसंस्थेचं असेल तर हा रस्ता नाही, आणि आपल्या सोलापुरात पतसंस्थेचं कर्ज घरोघरी आहे. पतसंस्था सहकार कायद्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेखाली नाही. वरचे केएफएसचे नियम त्यांना लागू नाहीत. तिथे तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे करायची. पानं मोजणं, बोट दाखवणारी वाक्यं शोधणं आणि पासबुकाची वजाबाकी तिथेही तशीच चालते. केएफएस नसल्यामुळे तर वजाबाकी अधिकच कामाची.

आमच्या तरुणाने तक्रार अधिकाऱ्याला ईमेल पाठवलं. एका बाजूला आठव्या कलमाचा फोटो, दुसऱ्या बाजूला केएफएसचा आकार-तक्ता, आणि खाली 23.5 आणि 24.4 हे दोन आकडे कसे आले त्याची तीन ओळींची मांडणी. सतराव्या दिवशी 1,500 रुपये खात्यात परत आले आणि देखभाल आकार त्याच्या खात्याला लावणार नाही असं लेखी आलं. विम्याचे 5,600 परत आले नाहीत, कारण ते केएफएसमध्ये होते आणि संमतीची खूण त्याचीच होती. त्या विम्याची पॉलिसी आम्ही मागून घेतली आणि वारस म्हणून त्याच्या आईचं नाव बरोबर लागलं आहे का, ते तपासलं. आडनावात एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करायला दिलं आहे.